हे लिहू नका हं!

मी कॉलेजात मराठी शिकवतो. एवढ्या एका गुन्ह्यापायी आमच्या सोसायटीच्या सभांचे सारांश लिहिण्याची शिक्षा मला कायमची झाली आहे. चिटणीस सभेतले बोलणे मोबाईलवर मुद्रित करून पाठवतात. मी पानभर लिहितो आणि ते चोवीसही बिऱ्हाडांत जाते.

गेल्या पावसाळ्यात लिफ्टच्या दुरुस्तीसाठी समितीचे सातजण बसले. अठराव्या मिनिटाला खजिनदारांचा आवाज एकदम खाली आला. "हे लिहू नका हं! पण एका सभासदांची नोकरी गेलीय. एकरकमी पैसे कुठून आणतील?" मी वहीत मिनिट टिपून ठेवले. पण 'लिहू नका' कोठून सुरू होते ते माणूस सांगतो. कोठे संपते ते कोणीच सांगत नाही. लगेच पुढे सर्वांनाच तीन हप्त्यांची सवलत द्यायचे ठरले. ते तर लिहायलाच हवे!

मी मोठ्या चतुराईने लिहिले, 'एका सभासदाची अडचण लक्षात घेऊन...' सौ.ने ते वाचले आणि भाजी निवडता निवडता नाव सांगितले! ऐकलेले खुशाल वापरा, पण कोण बोलले ते उघड करू नका, असा एक नियम लंडनच्या चॅटम हाऊसने १९२७ साली केला. पण इथे बोलणाऱ्याचे नाव झाकून काय होणार? ज्याच्याविषयी बोलले गेले, तोच उघडा पडत होता. शेवटी मी कारणच काढून टाकले. 'ज्यांना सोयीचे असेल त्यांनी तीन हप्त्यांत भरावे,' एवढेच ठेवले. ठराव सर्वांसाठी होता, तेव्हा त्यात खोटेही काही नव्हते. 'काही खासगी चर्चा झाली' असेही लिहिले नाही. ते वाचून जिन्याजिन्यावर चौकशी सुरू झाली असती.

एकतिसाव्या मिनिटाला मात्र, चहाच्या कपांच्या आवाजात, एक सभासद म्हणाले, "आपापसात सांगतो, हा कमी दरवाला माझा मेहुणा आहे." आणि काम त्यालाच दिले गेले होते! हे गाळावे तर चोवीस बिऱ्हाडांची फसवणूक. न विचारता लिहावे तर विश्वासघात. मी त्यांना फोन करून वाक्य वाचून दाखवले.

"अहो, मी विश्वासानं बोललो होतो!" ते चिडले.

"तुम्ही सातजणांवर विश्वास ठेवलात, पण पैसे चोवीसजणांचे आहेत. हे लिहू द्या, नाहीतर तुमच्याशिवाय समिती पुन्हा बसवा."

सारांश मी अडवून धरला. रात्री नऊला त्यांचा फोन आला. "लिहा. पण मेहुणा नको, नातेवाईक म्हणा."

तेवढे मी मानले. पुढच्या सभेत सारांश मंजूर झाल्यावर सर्वांच्या संमतीने चिटणिसांनी ते मुद्रण पुसले. घरी आल्यावर सौ.ने विचारले, "आणि तुमच्या मोबाईलवरचं?"