मावशी आ वासणार नाही

मावशीच्या रेसिपी चॅनेलची थंबनेल्स मी करतो. १२८० बाय ७२० पिक्सेलचं चित्र लॅपटॉपवर झकास दिसतं, पण लोक ते फोनवर बघतात, दोन बोटांएवढं. म्हणून आधी ते तेवढं लहान करायचं आणि त्यातला रंग काढून टाकायचा. काळ्या तव्यावरचं खरपूस थालीपीठ कृष्णधवल केलं, तर तवा आणि थालीपीठ मिळून एकच डाग! पांढऱ्या ताटलीत काढल्यावर कुठे त्याची कड दिसली.

‘खुसखुशीत भाजणीचं थालीपीठ’ लिहिलं, तर त्या आकारात उकार-वेलांट्या विरघळतात. शिवाय हे शीर्षकात खाली असतंच. मग चित्रावर दोनच जाड शब्द: ‘थालीपीठ तुटतं?’ तेही डावीकडे, कारण उजव्या कोपऱ्यात खाली व्हिडिओची वेळ येऊन बसते.

चेहऱ्यावर मात्र गाडी अडली. डोळे विस्फारलेला चेहरा क्लिक खेचतो म्हणतात. मावशी म्हणाली, “थालीपीठ बघून मी आयुष्यात कधी दचकले नाहीये.”

यूट्यूबवर एका व्हिडिओला तीन थंबनेल्स लावून तपासता येतात, आणि तिथे नुसते क्लिक नाही, तर कोणत्या चित्रामुळे व्हिडिओ जास्त वेळ पाहिला गेला हे मोजतात. दचकून आलेला माणूस दहा सेकंदांत पळाला, तर उपयोग शून्य. आता एकावर तिचा नेहमीचा हसरा चेहरा आहे, दुसऱ्यावर थालीपिठाला भोक पाडणारं तिचं बोट. निकालाला दोन आठवडेही लागू शकतात. मावशी रोज विचारते, “बोट पुढे आहे ना रे?”