त्रास ते देतात, मग मी का जायचं?

आमच्या मित्राने यंदा जयंतीच्या वर्गणीची वही परत केली, तेव्हा आम्ही दोघे दचकलो. आम्ही तिघे शाळेपासूनचे सोबती. बारा वर्षे हिशेब त्याच्याकडे होता, रुपया इकडचा तिकडे झाला नाही. मग ध्यानात आले की तो रविवारी विहारातही येईनासा झाला आहे. वहिनी म्हणाल्या, "पहाटे तीनलाच उठून बसतात. ताटातली भाकरी तशीच राहते." असे दीड महिना चालले होते.

कारण आम्हाला ठाऊक होते. तो एका सरकारी कचेरीत आहे. गेल्या वर्षी बढती मिळाली आणि टोमणे सुरू झाले. "कोट्यातले साहेब" म्हणत फायली आदळायच्या, तो चहाला बसला की बाकीच्यांनी उठून जायचे.

पहिल्यांदा आम्ही घोळच घातला. त्याच्याच घरी, पोरांसमोर बोलून गेलो, "अरे, तुला डिप्रेशन झालंय. कुणाला तरी दाखव." तो शांतपणे म्हणाला, "त्रास ते देतात, आणि डोकं माझं तपासायचं?" त्यानंतर पंधरा दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

विचार केला तेव्हा वाटले, त्याचेच बरोबर होते. आजाराचे नाव ठेवणारे आम्ही कोण? शिवाय आमच्या बोलण्याचा अर्थ असा निघत होता की कचेरीतला अन्याय खरा नाही, बिघाड त्याच्या डोक्यात आहे. आपल्या माणसाला ही सूचना करताना हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते. एका नातेवाइकाने सुचवले, ब्लडप्रेशर तपासायचे सांगून घेऊन जा. ते आम्ही साफ नाकारले. फसवून नेलेला माणूस डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही आणि पुन्हा आपल्यावरही विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या वेळी आमच्यापैकी एकच जण गेला, कारण दोघे बसलो असतो तर पंचायत भरल्यासारखे झाले असते. संध्याकाळी रेल्वेच्या पुलापर्यंत दोघे चालत गेले. चालताना बोलणे सोपे जाते, नजरेला नजर द्यावी लागत नाही. आधी माफी मागितली. मग फक्त डोळ्यांनी पाहिले तेवढे सांगितले: वही परत केलीस, झोप नाही, जेवण नाही. पुढे म्हटले, "कचेरीत चाललंय ते चूकच आहे. त्याचा अर्ज आपण तिघे बसून लिहू. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत तुझी झोप कोण परत आणणार? अर्ज त्यांच्यासाठी, समुपदेशक तुझ्यासाठी."

यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग एक प्रश्न सरळ विचारला: "जीव नकोसा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती खरी नाही, उलट माणसाला हलके वाटते. तो म्हणाला, "मरायचं असं नाही, पण सकाळी उठूच नये असं वाटतं." हे ऐकल्यावर मात्र आठवडाभर थांबायचे नाही असे आम्ही ठरवले. त्याने मरणाचा मार्ग ठरवला असता, तर त्याला एकटे न सोडता त्याच रात्री दवाखान्यात नेले असते.

त्याला दोन शंका होत्या. "गोळ्या देऊन गुंगवतील." समुपदेशक गोळ्या देत नाही, तो बोलतो आणि ऐकतो, औषध लागेल असे वाटले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. दुसरी शंका जास्त खोल होती: "समोरच्याला जातीचं दुखणं कळलं नाही तर?" यावर आमच्याकडे पक्के उत्तर नव्हते. सगळ्यांनाच ते कळते असे नाही. म्हणून एवढेच म्हटले, "एकदा जा. नाही पटलं तर माणूस बदलू. पुन्हा मागे लागणार नाही."

आधी त्याने रात्री आमच्या घरून १४४१६ वर फोन लावला. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ती फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते. फोन त्याच्या हातात दिला आणि आम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात गेलो. केसपेपर आम्ही काढला, आत तो एकटा गेला. आत काय झाले, आम्ही विचारले नाही. वस्तीत कुणी विचारले तर काय सांगायचे, तेही त्यालाच ठरवू दिले.

पहिली बाई त्याला जमली नाही. "तुम्ही मनावर घेऊ नका," असे म्हणाली म्हणे. आम्ही शब्द पाळला, गप्प राहिलो. दहा दिवसांनी त्यानेच विचारले, "दुसरं कुणी आहे का रे तिथे?"

दुसऱ्या समुपदेशकाकडे आता तो चार वेळा जाऊन आला आहे. झोप पाच तासांवर आली आहे. कचेरीचा अर्ज आम्ही तिघांनी त्याच्याच घरी बसून लिहिला, त्याचा निकाल अजून आलेला नाही. चौथ्या खेपेला आम्ही नेहमीसारखे निघायला तयार झालो, तर म्हणाला, "तुम्ही कशाला खाडे करता? मी जातो."