बँक घराची पूर्ण किंमत का देत नाही?

आमच्या मुरुडसारख्या गावातली तरुण मुले नोकरीला लागली की दापोलीत फ्लॅट पाहू लागतात. शिक्षक असल्यामुळे आम्हाला कागद वाचून दाखवायला बोलावले जाते. त्या वेळी एक प्रश्न हमखास येतो, "मामू, घर गहाण ठेवूनच घेणार ना बँक? मग पूर्ण पैसे का देत नाही?"

गेल्या वर्षी आमच्या भाच्याने हाच प्रश्न विचारला. फ्लॅट ३० लाखांचा होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. कर्ज ३० ते ७५ लाखांचे असेल तर मर्यादा ८० टक्के, त्याहून मोठे असेल तर ७५ टक्के. या प्रमाणाला बँकेत 'एलटीव्ही' म्हणतात. म्हणजे किमतीशी कर्जाचे प्रमाण. भाच्याचा हिशेब सरळ होता. बँकेचे २७ लाख, आपले ३ लाख आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी व वकील मिळून सुमारे २ लाख. हा वरचा खर्च एवढ्या किमतीच्या घरात कर्जासाठी धरला जात नाही, तो खिशातूनच करावा लागतो. त्याची शिल्लक बरोबर ५ लाख होती.

बँकेचा मूल्यांकनकार आला आणि त्याने किंमत लावली २६ लाख. त्याच भागातल्या अलीकडच्या खरेदीखतांचे दर कमी होते आणि विकणाऱ्याने गच्चीचे क्षेत्रही खोलीच्या भावाने मोजले होते. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांपैकी जी रक्कम कमी, तीच बँक धरते. २६ लाखांचे ९० टक्के म्हणजे २३ लाख ४० हजार. आता भाच्याला खिशातून ६ लाख ६० हजार आणि वर २ लाख लागणार होते. खड्डा पडला ३ लाख ६० हजारांचा.

बँक हात का आखडते, हे हप्त्याचा तक्ता पाहिला की कळते. २३ लाख ४० हजारांचे कर्ज, ९ टक्के व्याज, मुदत २० वर्षे. हप्ता येतो सुमारे २१ हजार. वर्षभरात अडीच लाख भरले, तरी मुद्दल उतरते जेमतेम ४४ हजार. म्हणजे सुरुवातीची काही वर्षे कर्ज जवळजवळ तेवढेच राहते. याच काळात नोकरी गेली आणि हप्ते ९० दिवस थकले, तर खाते बुडीत धरले जाते. मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, ताबा, लिलाव. तोवर व्याज चढत राहते आणि लिलावात घराला बाजारभाव क्वचितच मिळतो. ही तूट भरून काढायला आपण घातलेली रक्कमच कामी येते. ती नसती तर घर जाऊनही कर्ज उरले असते आणि उरलेले कर्ज बँक आपल्याकडूनच वसूल करते. अमेरिकेत २००८ च्या आधी अनेकांना जवळजवळ पूर्ण किमतीइतके कर्ज मिळाले होते. भाव कोसळले, तेव्हा लाखो कुटुंबांचे कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठे झाले.

व्याजाबाबत ज्याला आलिमांना विचारायचे आहे, त्याने जरूर विचारावे. पण परदेशात भागीदारीच्या पद्धतीने घर देणाऱ्या इस्लामी बँकाही खरेदीदाराला आपला हिस्सा आधी घालायला लावतात. घराचा भाव पडण्याची जोखीम तिथेही असतेच.

भाच्याला कोणीतरी सुचवले, की खड्डा वैयक्तिक कर्जाने भर. ५ वर्षांसाठी १४ टक्क्यांनी त्याचा हप्ता सुमारे ८,४०० रुपये झाला असता. त्याच्या ४८ हजार पगारातून महिना साडेएकोणतीस हजार गेले असते. आम्ही मूल्यांकनाचा अहवाल घेऊन विकणाऱ्याकडे गेलो. दोन बैठकांनंतर तो २७ लाखांवर आला. बँकेचे कर्ज तेवढेच राहिले, खिशातून मात्र ३ लाख ६० हजार आणि वरचा खर्च एवढेच लागले. कमी पडलेले पन्नास हजार त्याच्या खालाने कर्जे-हसना म्हणून दिले.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते. सातबाऱ्यावर दहा-बारा वारसांची नावे असतात, जमीन बिनशेती झालेली नसते किंवा किनाऱ्याच्या नियमांत अडकलेली असते. अशा घराला बँक कमी कर्ज देते किंवा देतच नाही, कारण ते लिलावात विकणे कठीण असते. म्हणून बयाणा देण्याआधी कागद बँकेला दाखवावेत आणि साठेखतात एक ओळ घालून घ्यावी : कर्ज मंजूर झाले नाही किंवा कमी मंजूर झाले, तर बयाणा परत मिळेल. जो विकणारा या ओळीला नकार देतो, त्याला आपल्या घराचे मूल्यांकन किती येईल याचा बहुधा अंदाज असतो.