सर्व्हर दोन तास बंद होता, पैसे सुरक्षित आहेत

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण आमच्या जिल्ह्यात कुणाला ऐकवावी लागत नाही. त्या गुरुवारी मात्र माझी बनता बनता राहिली होती.

तर झालं असं. परभणीतल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. नाव सांगत नाही, नोकरी प्यारी आहे :) मुख्य कचेरी परभणीत, शाखा जिंतूर, सेलू, मानवत आणि गंगाखेडला. गुरुवारी सकाळी हा सर्व्हर दोन तास अडकला आणि दुपारी अध्यक्षांनी "लेखी अहवाल दे" म्हणून सांगितलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो.

मी दीड पानाचा अहवाल खरडला. फाइलसिस्टिम, माउंट पॉइंट, डेटाबेस रायटिंग... सगळं अगदी बरोबर. सरांनी चष्मा वर करून वाचला, लाल पेन काढलं आणि म्हणाले, "हे सगळं खरं असंल. पण लोकांचे पैसे सुरक्षित आहेत का नाहीत, ते कुठं लिहिलंस?"

कुठंच नव्हतं! मला ते इतकं माहीत होतं की लिहायचं सुचलंच नाही. संचालक मंडळाला मात्र नेमकं तेवढंच हवं होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला पहिली ओळ ही लिहिली: "सर्व्हर १०:०५ ते १२:०५ असा दोन तास बंद होता. एकही जमा किंवा उचल हरवलेली नाही. या वेळेत शाखांनी हाताने केलेल्या ४१ पावत्या ४ वाजेपर्यंत चढवून ताळा जुळवला आहे."

मग घटनाक्रम. इथे मोह असा होतो की सुरुवात सकाळी १०:०५ च्या फोनपासून करावी. पण बिघाड शनिवारीच झाला होता.

शनिवार संध्याकाळ: लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद. लाइट आल्यावर तो आपोआप चालू झाला, पण बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क जोडली गेली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.
शनिवार ते मंगळवार, रोज रात्री ११: बॅकअप झाला, पण चुकीच्या जागी.
बुधवार रात्री: सर्व्हरची स्वतःची डिस्क भरली.
गुरुवार १०:०५: जिंतूरहून फोन, "पावती निघंना, स्क्रीन अडकली."
१०:२०: मी डेटाबेस रीस्टार्ट केला. तो पुन्हा चालूच झाला नाही. यात २५ मिनिटं वाया गेली.
१०:४५: डिस्क १०० टक्के भरल्याचं दिसलं.
१०:५०: एक्स्टर्नल डिस्क जोडली. तरीही जागा मोकळी नाही.
११:३०: खरं कारण सापडलं. अर्धवट बॅकअप पुसला, डेटाबेस चालू.
१२:०५: तपासणी करून सर्व शाखा सुरू.

१०:२० ची ओळ लिहिताना हात अडखळला, कारण ती माझी चूक होती. आधी डिस्क बघायला हवी होती. `df -h` ला दोन सेकंद लागतात. डिस्क भरली की डेटाबेस बऱ्याचदा एरर न देता नुसता ताटकळत बसतो, म्हणून स्क्रीन "अडकते". अशा वेळी रीस्टार्ट म्हणजे भरल्या गोदामाचं शटर उघडझाप करणं.

आता कारण. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर "बसवतात". आमच्याकडे तो `/backup`. डिस्क बसलेली असेल तर त्यात टाकलेला माल डिस्कवर जातो. बसलेली नसेल तरी फोल्डर असतोच, आणि माल मुकाट्याने सर्व्हरच्याच पोटात जातो. रोजचा बॅकअप १४ जीबी, मोकळी जागा ६० जीबी. चार रात्रींत ५६ गेले, पाचव्या रात्री ४ वर गाडी थांबली.

सरांसाठी हे असं लिहिलं: "कापसाची गाडी रोज रात्री अंगणात लागते असं समजून हमाल गाठोडी टाकत होता. शनिवारपासून गाडी आलीच नाही. गाठोडी अंगणात साचली आणि पाचव्या रात्री घराचं दार अडलं." सर म्हणाले, "आता कळलं."

१०:५० ते ११:३० चं कोडंही ह्यातच आहे. गाठोडी अंगणात असताना मी वर गाडी आणून लावली, त्यामुळे गाठोडी झाकली गेली. `/backup` मध्ये बघावं तर जुने व्यवस्थित बॅकअप, आणि `df` म्हणतंय डिस्क भरलेली. `du` ने मोजलेली बेरीज `df` पेक्षा ५०-६० जीबीने कमी आली की समजावं, काहीतरी खाली दडलंय. `umount /backup` केलं, तेव्हा दिसलं.

डिस्क नसली तरी सर्व्हर चालू व्हावा म्हणून `nofail` हा पर्याय मीच लिहिला होता. तो चुकीचा नाही. नसता तर शनिवारीच सर्व्हर अर्ध्यात अडकला असता. चूक ही की डिस्क आहे का, हे बॅकअपच्या स्क्रिप्टने विचारलंच नाही.

आणि मग ती ओळ, जी कुणी विचारली नव्हती: "शनिवार ते गुरुवार संस्थेचा नवा बॅकअप सर्व्हरबाहेर कुठेही नव्हता. त्या दिवसांत सर्व्हरची डिस्क जळाली असती तर तेवढ्या दिवसांच्या नोंदी कागदावरून पुन्हा चढवाव्या लागल्या असत्या." दोन तास बंद पडण्यापेक्षा हे मोठं होतं. लिहू की नको, रात्रभर घोळलं. लिहिलं.

धीर आला तो गिटलॅबमुळे. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनियरने चुकून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. बॅकअप बघायला गेले तर तोही फसत होता, आणि फसल्याच्या ईमेल पोचतच नव्हत्या. त्यांनी हे सगळं जगजाहीर लिहिलं, माणसाचं नाव न घेता. आमचं दुखणं तेच: फसल्याचा निरोप आला नाही, म्हणून सगळं ठीक असं धरलं.

उपाय तीनच लिहिले, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. पहिला, त्याच दिवशी केलेला, बिनखर्ची:

```
mountpoint -q /backup || exit 1
```

डिस्क नसेल तर बॅकअप सुरूच होणार नाही. दुसरा: बॅकअप *झाल्याचा* मेसेज रोज सकाळी मला आणि सचिवांना. मेसेज आला नाही तर गडबड आहे असं समजायचं. तिसरा: दोन डिस्क, आलटून पालटून, एक दर शनिवारी दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत; यासाठी मंडळाची मंजुरी हवी. शेवटी हेही लिहिलं की सर्व्हरच जळाला तर या उपायांनीही एक दिवस जाईल.

बैठकीत एका संचालकांनी विचारलं, "मग चूक कुणाची?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "त्यानं १०:२० ला स्वतःच लिहिलंय की. डिस्कचं बोला, किती लागतील?"

मंजुरी मिळाली. आता रोज सकाळी सात वाजता सचिवांचा फोन येतो, "मेसेज आला रे." रविवारीसुद्धा. असो :)