गुरुजींचे मानपत्र

गावातले गुरुजी सेवानिवृत्त झाले की शाल, श्रीफळ आणि मानपत्र हे ठरलेलेच असते. शाल-श्रीफळाला फार डोके लागत नाही. मानपत्र कोणी लिहायचे असा प्रश्न निघाला की मात्र सगळे एकमेकांकडे पाहतात, आणि शेवटी ते तालुक्याहून येणाऱ्या एखाद्या नोकरदाराच्या गळ्यात पडते. वज्रेश्वरीच्या आसपास हे काम बरेचदा माझ्याकडे येते. मी शेतकी खात्यातला माणूस. भातावरच्या करप्याविषयी विचारा, तासभर बोलेन. पण बांधावर उभे राहून पीक पाहण्याची सवय इथेही कामाला येते.

मंडळी बहुधा आधीच्या एखाद्या समारंभाचे मानपत्र नमुना म्हणून घेऊन येतात. त्यात ज्ञानदानाचा नंदादीप असतो, चंदनासारखे झिजणे असते, विद्यार्थ्यांच्या जीवनाला दिलेला आकार असतो. मी त्यांना एवढेच सांगतो, यातले नाव बोटाने झाका आणि शेजारच्या गावच्या बाईंचे नाव घाला. मजकूर तसाच चालला, तर तो कोणाचाच नाही.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले उदाहरण घ्या. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यासाठी कोणी ‘आदिवासी शिक्षणासाठी आयुष्य वेचले’ असे लिहिले तर खोटे नाही, पण तसे आणखी पुष्कळांसाठी लिहिता येईल. ‘मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून आपण शाळाच कुरणात नेली’ असे लिहा. कुरणशाळेचे हे एक वाक्य ऐकले की नाव न घेताही माणूस ओळखू येतो. मानपत्राला अशी दोन-तीन वाक्ये पुरतात. ती शोधण्यात खरी मेहनत आहे.

मध्यंतरी आमच्या भागातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एका गुरुजींचे मानपत्र लिहायला घेतले, तेव्हा ती कशी सापडली ते सांगतो.

नोकरीचा भाग सोपा. गावकऱ्यांच्या आठवणीवर विसंबू नये, कोणी म्हणतो पूर आला त्या साली गुरुजी आले, कोणी म्हणतो त्याच्या आदल्या साली. सेवापुस्तकाची प्रत गुरुजींकडे असते. नेमणूक, बदल्या आणि निवृत्ती यांच्या तारखा त्यातून घ्याव्यात. मात्र प्रत्येक बदली वाचून दाखवू नये. पहिले गाव, शेवटचे गाव आणि जिथे सर्वांत जास्त वर्षे काढली ते गाव, एवढे दोन वाक्यांत संपवावे.

कार्य शोधायला शाळेचे जनरल रजिस्टर आणि जुने हजेरीपट उघडायला सांगितले. आमच्याकडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भिवंडी, कल्याण, वसई, जिथे मालकाची उचल घेतली असेल तिथे. पोरेही बरोबर जातात. हजेरीपटात दिवाळीनंतर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते आणि पुढच्या वर्षी ते नावच दिसेनासे होते. या भागाचे हे जुने दुखणे आहे. उसगावच्या विधायक संसदेने तर भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची विटा रचून केलेली झोपडी.

या गुरुजींच्या हजेरीपटात खुणांची रांग होती, पण पुढच्या इयत्तेत तीच नावे पुन्हा दिसत होती. कारण विचारले तेव्हा सोबतच्या बाईंनी कपाटातून एक चाळीस पानी वही काढली. दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजी पाड्यावर जाऊन कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर जाणार ते लिहून घेत. मग जवळच्या शाळेतल्या मास्तरांच्या नावे चिठ्ठी देत की हे पोर अमुक इयत्तेत आहे, बसू द्या. सरकारने शिक्षण हमी कार्ड नंतर काढले, गुरुजींची चिठ्ठी त्याआधीची. ती प्रत्येक वेळी चालली असे नाही. काही भट्ट्यांजवळ शाळाच नव्हती, काही मुले धाकटे भावंड सांभाळत झोपडीतच राहिली. हेही वहीत लिहिलेले होते.

स्वभावाच्या बाबतीत समितीने ‘शांत, मनमिळाऊ’ असे सुचवले. गुरुजींचा आवाज तर हमरस्त्यावर ऐकू येई! असे शब्द वाचले असते तर मंडपात हसे झाले असते. शिवाय कच्च्या खर्ड्यात ‘शाळेचे कुंपण गुरुजींनी बांधले’ असे होते. कुंपणाचे दगड गावकऱ्यांनी डोक्यावर वाहिले होते, आणि तेच समोर बसणार होते. शेवटी मधला मजकूर असा झाला:

“आदरणीय गुरुजी, दिवाळीनंतर पाडा रिकामा झाला तरी आपला पट रिकामा झाला नाही. कोणते मूल कोणत्या भट्टीवर आहे हे आपल्या वहीत लिहिलेले असे, आणि त्याच्या हाती आपली चिठ्ठी असे. जी मुले तरीही शाळेबाहेर राहिली त्यांची नावे आपण खोडली नाहीत, पावसाळ्यात त्यांना पुन्हा पहिल्या बाकावर बसवलेत. आपला आवाज हमरस्त्यापर्यंत जाई, पण तो मुलांपेक्षा त्यांना शाळेतून उठवून नेणाऱ्या बापांवर अधिक चढे. कुंपणासाठी आपण शब्द टाकलात आणि गावाने दगड वाहिले.”

मुलांची किंवा कुटुंबांची नावे त्यात घातली नाहीत. कोणाची उचल, कोणाची गरिबी भर मंडपात वाचून दाखवायची नसते.

आता एक गोष्ट मजकुराबाहेरची. पूर्वी शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर १ जून लिहीत. त्यामुळे पुष्कळ गुरुजी ५८ वर्षे पुरी करून ३१ मे रोजी निवृत्त होतात. हे गुरुजीही त्यातलेच. त्या दिवशी शाळेला सुट्टी, आणि भट्टीवरची बरीच माणसे परतलेली नसतात. समारंभ तेव्हा केला असता तर मानपत्रात ज्यांचा उल्लेख आहे तीच माणसे नसती. म्हणून आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यातली संध्याकाळ धरली. शाळा उघडलेली होती, भाताची रोपे वाफ्यात तीन आठवड्यांची व्हायची होती आणि लावणीला अवकाश होता. गावाला उसंत असते ती नेमकी तेव्हा.

वाचायला पुढाऱ्याऐवजी गुरुजींची एक जुनी विद्यार्थिनी उभी केली. आदल्या दिवशी तिच्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतले, जिथे दम लागला तिथे वाक्य तोडले. सगळे मिळून चार मिनिटांचे झाले. वहीचे वाक्य आले तेव्हा मागे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, “आमच्या पोराची चिठ्ठी अजून डब्यात हाय.” वाचणारी थांबली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि नेहमीच्या चढ्या आवाजात विचारले, “मग पोरगा कुठाय? उद्या शाळेत पाठव!”