मथळा नसलेले कात्रण

आमच्या डोंबिवलीच्या आत्याला यंदा पंचाहत्तर पुरी झाली. घरच्यांनी एक छोटी स्मरणिका काढायचे ठरवले, आणि मास्तर म्हणून मजकुराचे काम माझ्या गळ्यात पडले. पहिल्याच दिवशी तिच्या नातवाने मोबाईलवर एका कात्रणाचे छायाचित्र पाठवले. खाली लिहिले होते, "काका, याचे चार ओळींत सार द्या. आजीच्या भावाची बातमी आहे."

आत्याचा थोरला भाऊ लहानपणीच ठाण्याच्या मासुंदा तलावात बुडून गेला. बुडणाऱ्या मुलाला वाचवायला त्याने उडी घेतली, असे आम्ही ऐकत आलो. मी ते छायाचित्र जेमतेम पाहिले आणि लिहून मोकळा झालो : 'शूर बालकाचे बलिदान, ठाणे, १९६०.' १९६० का, तर आत्या नेहमी म्हणे, "महाराष्ट्र झाला ना, त्याच वर्षी."

मग चष्मा पुसून कात्रण नीट वाचले, आणि माझे मलाच हसू आले. मथळा कात्रीत गेला होता आणि तारखेचा पत्ता नव्हता. 'शूर' नाही, 'बलिदान' नाही, '१९६०' तर नाहीच. मथळ्याची रिकामी जागा मी आमच्या घरच्या गोष्टीने भरली होती.

म्हणून पुन्हा आरंभ केला. आधी कात्रणात जे होते तेवढेच शब्दशः उतरवून काढले. "काल शुक्रवारीं स्वातंत्र्यदिनाचें झेंडावंदन आटोपून परतणारीं मुलें मासुंदा तलावाच्या पायऱ्यांवर खेळत असतां एक मुलगा पाय घसरून पडला. त्याच्यामागून सुमारें बारा वर्षांचा दुसरा विद्यार्थी पाण्यांत गेला. पहिल्यास लोकांनी वर काढलें, दुसरा..." पुढे कागद फाटलेला.

अनुस्वारांवरून मजकूर जुन्या वळणाचा दिसत होता. पण तेवढ्यावरून वर्ष सांगता येत नाही. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, तरी जुळाऱ्यांचे हात काही एका रात्रीत बदलले नसतील. मी नातवाला कळवले, "बाळ, कात्रण उलटे करून पाठीचा फोटो पाठव." कात्रण कापणारा पुढची बाजू पाहून कापतो, पाठीमागे काय आले याची त्याला फिकीर नसते, म्हणून ती बाजू पुष्कळदा अधिक बोलते. पाठीवर एका सरकारी नोटिशीचा तुकडा होता. त्यात 'मुंबई राज्य' असे शब्द होते आणि अर्जाची किंमत '५० नवे पैसे'.

नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि मुंबई राज्य १ मे १९६० ला संपले. या दोन खुंट्यांच्या मध्ये पंधरा ऑगस्ट तीनदाच येतो : १९५७ साली गुरुवारी, १९५८ साली शुक्रवारी, १९५९ साली शनिवारी. कात्रणात शुक्रवार स्पष्ट होता. म्हणजे १५ ऑगस्ट १९५८.

ही तारीख घटनेची, वर्तमानपत्राची नव्हे. 'काल' म्हटले आहे म्हणून अंक सोळा तारखेचाच, असे म्हणता येत नाही. स्वातंत्र्यदिनाला छापखान्याला सुट्टी असली, तर दुसऱ्या दिवशी अंकच निघत नाही. आणि बातमीदाराने सोळाला लिहिलेला 'काल' अठराच्या अंकात तसाच छापला जाऊ शकतो. म्हणून अंकाची तारीख मी कोरी ठेवली.

हे झाले तारखेचे. अवघड गोष्ट पुढेच होती. कात्रणात मुलाचे नाव नव्हते, उडी नव्हती, वाचवणे नव्हते. होते फक्त, 'त्याच्यामागून पाण्यांत गेला.' तो वाचवायला गेला असेल. धक्का लागून पडलाही असेल. एवढ्या एका क्रियापदावर आत्याने सारा जन्म काढला होता.

शेवटी चार ओळी लिहिल्या : 'मथळा व तारीख नसलेले कात्रण. मजकूर व पाठीवरची नोटीस यांवरून घटना १५ ऑगस्ट १९५८ ची ठरते. मासुंदा तलावात एक मुलगा घसरून पडला व त्याच्यामागून सुमारे बारा वर्षांचा विद्यार्थी पाण्यात गेला. नाव दिलेले नाही, शेवट फाटलेला आहे. तो आपला भाऊ होता व वाचवायला गेला, असे त्याची बहीण सांगते.'

भीत भीतच मी ते आत्याला वाचून दाखवले. ती बराच वेळ बोटांवर काही मोजत राहिली.

"म्हणजे मी आठ वर्षांची होते रे," ती म्हणाली. "मी दहाची धरून चालले होते. दहा वर्षांच्या मुलीने धावत जाऊन कोणाला तरी बोलवायला हवे होते, असे मला आजवर वाटायचे."

मग तिने कागद माझ्या हातून घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "हे 'सांगते' आहे ना, ते तसेच राहू दे. बरोबर आहे ते."