अ नंतर ब की आ?

माझी मावशी दहावीला गणित शिकवते. तिच्याकडे बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ होत्या. "यातले प्रश्न सुटे करून दे, म्हणजे मला हवे ते निवडून सराव चाचणी काढता येईल," असं तिने सांगितलं. पहिल्यांदा ऐकताना काम अक्षरओळखीचं, म्हणजे ओसीआरचं वाटतं. प्रत्यक्षात अक्षरं वाचणं हा त्यातला सोपा भाग निघाला. अवघड होतं ते कोणता प्रश्न कोणाच्या पोटात आहे, हे ठरवणं.

बीजगणिताची ४० गुणांची पत्रिका समोर धरा. प्रश्न १ मध्ये (A) आणि (B) असे दोन गट आहेत. गट (A) मध्ये (i) ते (iv) असे चार उपप्रश्न, आणि प्रत्येक उपप्रश्नाला पुन्हा (A), (B), (C), (D) असे चार पर्याय. म्हणजे एकाच पानावर (B) ही खूण पाच वेळा येते. चार वेळा ती पर्याय असते आणि एकदा गट. डोळ्यांना हे कळतं, कारण आपण पान बघतो. ओसीआरमधून बाहेर पडलेल्या मजकुरात मात्र पाचही (B) सारखेच दिसतात.

सुरुवात या दोन आज्ञांनी होते:

```
pdftoppm -r 300 -gray -png paper.pdf p
tesseract p-1.png p-1 -l mar+eng --psm 6 tsv
```

पहिली आज्ञा पानांची चित्रं काढते, दुसरी त्यातला मजकूर वाचते. शेवटच्या `tsv` मुळे नुसते शब्द मिळत नाहीत, तर प्रत्येक शब्द पानावर डावीकडून आणि वरून किती अंतरावर आहे तेही मिळतं. `--psm 6` म्हणजे सगळं पान एकच ठोकळा समजून ओळीने वाच. हे सांगितलं नाही तर दोन-दोन करून मांडलेले पर्याय कधी कधी दोन स्तंभ समजले जातात आणि (A), (C), (B), (D) अशा क्रमाने बाहेर येतात. खुणा बरोबर, क्रम चुकीचा.

अशा वेळी 'मग खुणांवरून क्रम लावून घेऊ' हा विचार सहज येतो, आणि तोच टाळायला हवा. संगणकाला (अ), (ब), (क), (ड) वर्णानुक्रमे लावायला सांगितलं तर तो अ, क, ड, ब असं लावतो. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, वर्णमालेत क आधी येतो आणि ब खूप नंतर. अ-ब-क-ड हा क्रम आपण इंग्रजीच्या ए-बी-सी-डीवरून घेतलेला आहे. मराठीच्या पत्रिकेत (अ), (आ), (इ) असतं, इतिहासाच्या पत्रिकेत (अ), (ब). त्यामुळे '(अ) नंतर कोण?' याचं उत्तर विषयागणिक बदलतं. रोमन आकड्यांचंही तेच: अक्षरं म्हणून लावले तर ix हा iv आणि v च्या मध्ये जाऊन बसतो.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. छापलेली खूण जशीच्या तशी, आणि पानावर ती कितवी आली तो क्रमांक वेगळा:

```
seq  parent  label  kind
1    0       1      प्रश्न
2    1       (A)    गट
3    2       (i)    उपप्रश्न
4    3       (A)    पर्याय
```

`seq` कधी बदलत नाही. `parent` सांगतो की ही ओळ कोणाच्या पोटातली. हा `parent` ठरवणं हेच खरं काम.

त्यासाठीचा नियम आपण पत्रिका वाचताना नकळत वापरतो तोच आहे. आत्ता कोणकोणत्या पातळ्या उघड्या आहेत ते लक्षात ठेवायचं. नवी खूण आली की आधी पाहायचं, ही नव्या पोटपातळीची पहिली खूण आहे का? नसेल तर सगळ्यांत आतल्या पातळीला विचारायचं, तुझ्यानंतरची हीच का? नसेल तर ती पातळी बंद करून एक पायरी वर. उपप्रश्न (iv) चा पर्याय (D) झाला आणि पुढे (B) आला. पर्यायांना (E) हवा होता, म्हणून ती पातळी बंद. उपप्रश्नांना (v) हवा होता, तीही बंद. गटाला (B) हवा होता, जुळलं.

आता यात बिघाड कसा होतो ते पाहू. एका पत्रिकेत (iv) च्या पर्याय (A) वर डाग होता आणि ती खूण वाचलीच गेली नाही. मग पर्याय (B) आला. तो पोटपातळीची पहिली खूण नाही, (v) नाही, पण गट (A) नंतरचा गट (B) मात्र होऊ शकतो. त्यामुळे तो गट ठरला. मागोमाग (C), (D) हेही गट झाले. त्यानंतर खरा गट (B) आला तेव्हा कुठेच जुळेना आणि प्रोग्रॅम थांबला. थांबला ती जागा आणि बिघडलेली जागा यांत तीन खुणांचं अंतर होतं.

यावर दोन उपाय कामी आले. एक म्हणजे डावीकडचं अंतर. गटाची खूण समासाजवळ असते, पर्यायाची आत सरकलेली. पान तिरकं स्कॅन झालं असेल तर हे अंतर वरपासून खालपर्यंत सरकतं, म्हणून पान आधी सरळ करून घ्यायचं. दुसरा उपाय म्हणजे मोजणी. पर्याय असलेल्या प्रत्येक उपप्रश्नाला चारच पर्याय हवेत. (iv) ला शून्य दिसले की दोष नेमका कुठे आहे ते कळतं.

मोजणीची आणखी एक जागा म्हणजे गुण. या पत्रिकेतल्या गटांचे गुण अनुक्रमे ४, ४, ४, ८, ३, ६, ८, ३ असे आहेत, बेरीज ४०. पण प्रश्न २ (B) मध्ये प्रत्येकी दोन गुणांचे पाच उपप्रश्न छापलेले असतात आणि 'कोणतेही चार' सोडवायचे असतात. ही सूचना हरवली तर त्या गटाचे ८ ऐवजी १० होतात. म्हणून सूचना गटाच्या ओळीत ठेवायची, पहिल्या उपप्रश्नाला चिकटवायची नाही. नाहीतर मावशीने चौथा उपप्रश्न उचलला की सूचना मागे राहणार, आणि पहिला उचलला तर एकट्या प्रश्नावर 'कोणतेही चार सोडवा' असं छापून येणार.

गणितातले अपूर्णांक, आलेख आणि कृतीतल्या रिकाम्या चौकटी ओसीआरला नीट जमत नाहीत. त्यांच्या मागे न लागता मी प्रत्येक उपप्रश्नाचं चित्रच कापून ठेवलं, त्याच्या खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत. प्रश्न पान उलटून पुढे जात असेल तर दोन तुकडे जोडायचे, मधला पान क्रमांक गाळून. वाचलेला मजकूर फक्त शोधण्यासाठी.

एका मोहाला मात्र आवर घालावा लागला. पुढची खूण कोणती हवी हे माहीत असल्यामुळे चुकलेली खूण आपोआप दुरुस्त करता येते. (ii) च्या जागी (॥) किंवा (11) वाचलं गेलं तर ते (ii) मानायला हरकत नाही, आकार सारखे आहेत. पण (ii) हवा असताना (iii) आला, तर त्याला (ii) म्हणायचं नाही. तिथे बहुतेक वेळा एक अख्खा प्रश्न गायब असतो, आणि नीटनेटक्या क्रमांकांखाली तो कायमचा झाकला जातो. अशा जागी प्रोग्रॅमने थांबावं आणि माणसाने पान उघडून बघावं.